चौदा आण्यांपासून सोळा आण्यांपर्यंत

‘तयार’ हा एकच शब्द आंब्याच्या बाबतीत दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला जातो, आणि बहुतेक फसगत तिथूनच सुरू होते. देवगडचा किंवा रत्नागिरीचा बागायतदार झाडाकडे बघून म्हणतो, ‘आंबा तयार झाला.’ त्याचा अर्थ असा की फळ आता काढायला हरकत नाही. ते अजून हिरवं आहे, दगडासारखं कडक आहे, पण आढीत घातलं तर नीट पिकेल. पुण्याच्या किंवा दादरच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं, ‘आंबा तयार आहे का?’ तेव्हा त्याला आज जेवताना फोडी करता येतील का, एवढंच कळून घ्यायचं असतं. पहिला प्रश्न पक्वतेचा आहे, दुसरा पिकण्याचा. न कापता आंबा ओळखायचा तर हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात, आणि विचारायचा क्रमही हाच ठेवावा लागतो. काढताना जो आंबा तयार नव्हता, तो पुढे पिवळा होईल, मऊ होईल, पण पिकल्यासारखा लागणार नाही.

हे सगळं हापूसला धरून सांगतो आहे. पायरी, केसर, लंगडा यांची गणितं थोडी निराळी आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

कोकणात फळाची पक्वता आण्यांत मोजतात. नाण्यांमधले आणे 1957 साली दशमान पद्धत आली तेव्हाच मागे पडले, पण बागेत ते अजून चालतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण. हापूस काढायचा तो चौदा आण्यांना, म्हणजे साधारण 85 टक्के पक्वतेला. फळ धरल्यापासून तिथवर यायला चार महिन्यांच्या आसपास लागतात. चौदाच का, सोळा का नाही? कारण उरलेले दोन आणे फळ झाडावरून उतरल्यावर स्वतःच पूर्ण करतं. झाडावरच ठेवून पुरतं पिकवायला गेलं, तर ते प्रवासाला टिकत नाही आणि हापूसमध्ये साका होण्याचा, म्हणजे कोयीभोवतीचा गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा, धोकाही वाढतो. साक्याकडे नंतर येऊ.

चौदा आण्यांच्या फळात घडलेलं असतं ते असं. झाडाने पानांत तयार केलेलं अन्न फळात पिठाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात साठत गेलेलं असतं. देठ तुटला की ही आवक बंद होते. पुढे पिकताना जी साखर होते, तिचा मोठा भाग याच साठ्यातून येतो. आंबा आढीत गोड होतो तेव्हा बाहेरून काही मिळत नसतं. आतल्या पिठाची साखर होते, आम्लता उतरते आणि गर सैल होतो. म्हणून दहा-बारा आण्यांना उतरवलेल्या फळाला कितीही पेंढ्यात ठेवा, साठाच कमी असल्याने गोडी येणार कुठून? केळी, चिकू, पपईसारखाच आंबाही काढल्यावर पिकणारा आहे, पण त्याला आपल्याजवळच्या पुंजीवरच पिकावं लागतं.

तर पहिला प्रश्न : हा काढताना तयार होता का? याचं उत्तर आंब्याच्या आकारात लिहिलेलं असतं, आणि ते पिकल्यानंतरही पुसलं जात नाही. म्हणूनच ही खूण सर्वांत भरवशाची.

आंबा देठ वर करून डोळ्यांच्या पातळीत धरा. कोवळ्या फळाचे खांदे देठापासून उतरत्या छपरासारखे खाली गेलेले दिसतात. देठ हाच सगळ्यांत उंच बिंदू असतो. फळ भरत जातं तसे खांदे वर येतात, देठाच्या पातळीला लागतात आणि मग त्याच्याही वर जातात. तयार हापूसचा देठ एका उथळ वाटीत बसल्यासारखा दिसतो. आता फळ आडवं धरून गालांकडे बघा. कोवळं फळ चपटं असतं, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, आणि कोयीची कड कुठे आहे ते हाताला कळतं. तयार फळाचे गाल भरलेले असतात, टोकाकडची बाजूही गोलसर झालेली असते. शेवटी साल उजेडात तिरकी धरा. सालीवरचे बारीक ठिपके, ज्यातून फळ श्वास घेतं, ते तयार फळात ठळक आणि एकमेकांपासून सुटे दिसतात, आणि सालीचा हिरवा रंग गवतासारखा न राहता काहीसा निवळलेला, फिकट होतो. या खुणांपैकी एकीवर विसंबू नये, पण खांदे आणि गाल दोन्ही भरलेले असतील तर फळ चौदा आण्यांच्या जवळचं आहे असं धरायला हरकत नाही.

फळ अजून कडक असेल, तर आणखी एक परीक्षा घरी करता येते. बादलीत साधं पाणी घ्या आणि आंबे एकेक करून हलकेच सोडा. जो तळाशी जातो तो भरलेला, जो तरंगतो तो कोवळा. फळात पीठ साठत जातं तशी त्याची घनता वाढते आणि पक्व हापूसची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त होते, 1.01 ते 1.02 च्या दरम्यान. फरक इतका थोडा आहे की हातात तोलून तो कळत नाही. पाणी मात्र तो अचूक दाखवतं. बागेत याच तत्त्वाची पुढची पायरी वापरता येते : साध्या पाण्यात बुडालेली फळं अडीच टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटर पाण्याला पाव किलो मीठ घालून, पुन्हा सोडायची. साध्या पाण्यात बुडणारं पण मिठाच्या पाण्यात तरंगणारं फळ सर्वांत चांगलं. मिठाच्या पाण्यातही जे तळ गाठतं, त्यात साक्याची शक्यता जास्त. घरी एवढं करायची गरज नाही. साध्या पाण्याची परीक्षा पुरते, फक्त नंतर प्रत्येक फळ कोरडं पुसून ठेवायला विसरू नये. ओलं फळ पेंढ्यात गेलं की देठाकडून कुजायला लागतं. आणि ही कसोटी कडक फळासाठीच आहे. मऊ झालेला आंबा पाण्यात काय करतो, यावरून काही ठरवू नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली पेटी बाजारात येते तेव्हा हा पहिला प्रश्न जास्त काळजीने विचारावा. त्या दिवसांत भाव चढा असतो आणि फळ लवकर उतरवण्याचा मोह मोठा असतो. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यातही तसंच. त्या वेळी घेतलेल्या डझनभरात दोन-चार फळं उतरत्या खांद्यांची निघाली, तर ती आढीत आठ दिवस जास्त ठेवल्याने सुधारतील अशी आशा धरू नये.

आता दुसरा प्रश्न : आज पिकला आहे का? इथे सगळेजण पहिल्यांदा रंगाकडे बघतात आणि रंगच सर्वांत जास्त दगा देतो.

हापूसच्या देठाकडच्या अंगाला जी लाली येते, ती ऊन लागल्याची खूण आहे. झाडाच्या बाहेरच्या फांदीवर, उन्हाच्या बाजूला लटकलेल्या फळाला ती कैरी असतानाच येते. आतल्या फांदीवरच्या, सावलीतल्या फळाला ती येणार नाही, पण ते तितकंच उत्तम पिकेल. तेव्हा लाली सोडून द्या आणि तिच्या खालचा रंग बघा. पिकत चाललेल्या हापूसचा हिरवा रंग आधी फिकट होतो, मग पोपटी, मग पिवळा, आणि शेवटी केशरी झाक असलेला पिवळा. हा बदल सगळ्या फळावर एकदम होत नाही. एखाद्या गालावर आधी पिवळं येतं, दुसरा गाल एखाद-दोन दिवस मागे असतो, देठाभोवती हिरवट कडं रेंगाळतं. आढीत नैसर्गिकपणे पिकलेल्या हापूसमध्ये हा असमानपणा नेहमीचा आहे आणि तो दोष नाही.

रंगावर विसंबता येत नाही याचं मूळ कारण असं की सालीचा हिरवा रंग जाणं आणि आतला गर पिकणं या दोन वेगळ्या घडामोडी आहेत. दोन्ही इथिलीन नावाच्या वायूच्या इशाऱ्याने सुरू होतात, जो फळ स्वतःच तयार करतं. पण दोन्हींचा वेग सारखाच असेल असं नाही. गर कोयीकडून सालीकडे पिकत येतो. म्हणजे नीट पिकलेल्या आंब्यात साल मऊ लागते तेव्हा आतलं काम आधीच झालेलं असतं. उलट बाहेरून जोराचा इशारा दिला, तर साल आधी पिवळी होते आणि आतला गर पांढरट-पिवळा, कडक, आंबट राहतो. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेल्या आंब्यात हेच दिसतं. ती पूड ओलसर हवेत ॲसिटिलीन वायू सोडते, तो इथिलीनसारखं काम करतो, आणि तिच्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी फळं पिकवण्यासाठी तिच्या वापराला मनाई केली आहे. इथिलीन वायू मात्र कायद्याने चालतो, 100 पीपीएमपर्यंत, बंद खोलीत तापमान आणि दमटपणा राखून.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे, तो दुरुस्त करायला हवा. ‘सगळीकडून सारखा पिवळा म्हणजे कार्बाइडचा’ असं सर्रास सांगितलं जातं. पण योग्य खोलीत इथिलीनवर पिकवलेली फळंही सारख्या रंगाची होतात, आणि काढताना ती तयार असतील तर चवीला चांगलीही लागतात. एकसारख्या रंगावरून फक्त इतकंच कळतं की फळांना बाहेरून इशारा मिळाला आहे. खरी शंका घ्यायची ती तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर : लिंबासारखा एकसारखा पिवळा रंग, दाबून बघितल्यावर कडकपणा, आणि देठाशी काहीच वास नसणं. त्यात खांदेही उतरते असतील, तर तो आंबा काढताना कोवळा होता आणि रंग चढवून विकला आहे, हे जवळजवळ नक्की.

म्हणून रंगानंतर नाक. हापूसचा वास कळतो तो देठाच्या खोबणीत. तिथेच का, तर साल तिथे फळाला सर्वांत कमी बंद करते. देठाचा व्रण मोकळा असतो. वास घ्यायची एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर उत्तर चुकतं. आंबा खोलीच्या तापमानाला असायला हवा. फ्रिजमधून काढलेला किंवा पाण्यात भिजत घातलेला आंबा हुंगून काही कळत नाही, कारण थंडीत वासाची द्रव्यं उडत नाहीत. गार फळ दोन्ही तळव्यांमध्ये मिनिटभर धरून ऊब द्यावी, तेवढ्याने ऊब पुरेशी येत नसेल तर तास-दीड तास बाहेर ठेवावं. मग देठ नाकाशी आणून एकदाच सावकाश श्वास घ्यावा. दहा आंबे ओळीने हुंगले की पाचव्यापासून नाक थकतं, म्हणून मध्ये थांबून मोकळ्या हवेत दोन श्वास घ्यावेत.

काय वास आला, त्याचे तीन टप्पे आहेत. कच्च्या पण तयार फळाला चिकाचा, कैरीचा, जरा राळेसारखा तिखट वास येतो. हापूसच्या चिकातल्या टर्पीन वर्गातल्या द्रव्यांचा तो वास. पिकलेल्या आंब्यातही तो पुरता जात नाही. पिकताना त्यावर दुसरा थर चढतो, गोड, काहीसा साखर तापवल्यासारखा आणि साईसारखा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या वासावर बरंच काम केलं आहे. त्यातून दिसलं की हा गोडसर थर देणारी लॅक्टोन आणि फ्युरॅनोन वर्गातली द्रव्यं पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात वाढतात. म्हणजे ती नाकाला लागली तर आतलं काम झालं आहे, असं म्हणता येतं. रंगाला ही हमी देता येत नाही. तिसरा टप्पा आंबूस वासाचा, जरा दारूसारखा. तो आला की आतला गर देठाकडून बिघडायला लागला आहे. त्या आंब्याची वाट बघू नये. लगेच कापून चांगला भाग वेगळा करावा.

एक खबरदारी. पेटीत एखादा जास्त पिकलेला आंबा असला तर त्याचा वास शेजारच्यांना लागतो. म्हणून पेटीत डोकं घालून आलेला सुगंध त्या पेटीतल्या सगळ्या आंब्यांचा असतो असं नाही. फळ बाहेर काढून, वेगळं ठेवून, मग हुंगावं.

नाकानंतर हात. आणि इथे आंब्याचं सर्वांत जास्त नुकसान होतं. अंगठ्याच्या टोकाने आंबा दाबायची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती सोडावी. अंगठा एका जागी सगळा जोर देतो, तिथला गर चेपतो आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी साल काळपट पडते. पेटीतले वीस जणांनी चाचपलेले आंबे ओळखू येतात ते या डागांनी. त्याऐवजी आंबा तळव्यात आडवा घ्या, बोटं एका गालावर पसरवा, तळवा दुसऱ्या गालावर, आणि मूठ वळायला सुरुवात करावी इतक्याच जोराने सगळ्या बोटांनी मिळून हलकेच जवळ आणा. कच्चं फळ मुळीच दबत नाही. पिकायच्या बेतात असलेल्याची साल जराशी दबते, आत मात्र कडकपणा लागतो. पिकलेलं फळ सगळीकडून सारखं दबतं आणि हात सैल केला की साल परत आपल्या जागी येते. अति पिकलेल्यात खळगा तसाच राहतो, किंवा साल आतल्या गरावर सरकल्यासारखी वाटते.

दाबायचा तो गाल आणि देठाकडचा खांदा. दोन्हीकडे सारखा मऊपणा असला पाहिजे. फक्त एका ठिकाणी मऊ आणि बाकी कडक, हे पिकल्याचं लक्षण नाही. ते मार लागल्याचं, फळमाशीचं किंवा कुजीचं लक्षण आहे. फळमाशीचं भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं, कधी त्यातून चिकट थेंब आलेला दिसतो, आणि भोवतालची साल पाणचट मऊ होते. पाऊस जवळ आल्यावर, मेअखेर आणि जूनमध्ये, हा त्रास वाढतो. देठकूज देठाभोवती तपकिरी-काळ्या कड्याने सुरू होते आणि त्या कड्याखालचा भाग ओला मऊ लागतो. करपा सालीवर काळे, जरा खोलगट डाग पाडतो. डाग वरवरचे असतील तर गर खाण्यासारखा असतो, पण असा आंबा पेटीत ठेवून वाट बघण्यासारखा नसतो.

देठाचा लहानसा वाळका तुकडा फळावर असेल तर तोही काही सांगतो. पिकलेल्या हापूसचा हा तुकडा नखाने हलकेच टोचला की बहुधा सहज सुटून येतो आणि खालची जागा कोरडी, स्वच्छ दिसते. कच्च्या फळात तो घट्ट असतो. ओढला तर चीक येतो. चीक सालीवर ओघळू देऊ नये, तो साल भाजतो आणि काळा ओघळ कायमचा राहतो. याच कारणाने काढताना तीन-चार सेंटिमीटर देठ ठेवून आंबा उतरवतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला त्यासाठीच आहे : पात्याने देठासकट फळ कापलं जातं आणि जाळीत पडतं, जमिनीवर आपटत नाही.

सुरकुत्यांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कोणी म्हणतं सुरकुतलेला हापूस सर्वांत गोड, कोणी म्हणतं तो शिळा. दोन्ही सुरकुत्या खऱ्या आहेत, पण त्या वेगळ्या आहेत आणि हाताला वेगळ्या लागतात. तयार फळ पुरतं पिकल्यावर त्यातलं थोडं पाणी उडतं, साल सैल होते, देठाजवळ बारीक, उथळ रेषा येतात. खालचा गर भरलेला लागतो आणि वास दणदणीत असतो. असा आंबा खुशाल घ्यावा, मात्र त्याच दिवशी खावा. कोवळं काढलेलं फळ मात्र पिकण्याआधीच सुकतं. त्याची साल चामड्यासारखी, सुरकुत्या लांब आणि सगळीकडे, खालचा गर रबरासारखा, आणि देठाशी वास नाही. त्याच्या खांद्यांकडे बघितलं की बहुतेक वेळा तो चौदा आण्यांचा नव्हता हे तिथेच कळतं.

हे सगळं एका पेटीवर लावून बघू. समजा मेच्या मध्यावर पाच डझनांची कडक हापूसची पेटी पुण्यात घरी आली. पेटी त्याच दिवशी उघडायची. बंद पेटीत फळांच्या श्वसनाने ऊब साठते, मधले आंबे जास्त तापतात आणि कडेचे मागे राहतात. साठही फळं चटईवर काढून एकेकाचे खांदे बघायचे. समजा पाच फळं उतरत्या खांद्यांची निघाली, ती बादलीत सोडली आणि त्यातली तीन तरंगली. ही तीन वेगळी ठेवायची आणि त्यांच्याकडून पिकण्याची अपेक्षा करायची नाही. ती कडक आहेत तोवरच त्यांचा गुळांबा किंवा मेथांबा करून टाकावा. बुडालेली दोन पुसून बाकीच्यांत घालायची.

उरलेल्या सत्तावन्नांची आढी लावायची. खाली भाताच्या पेंढ्याचा चार बोटं जाड थर, पेंढा नसेल तर वर्तमानपत्राचे चुरगाळलेले कागद, वर आंब्यांचा एकच थर, एकमेकांना न टेकणारा, त्यावर पेंढ्याचं पातळ पांघरूण. खोली हवेशीर, ऊन न येणारी. 25 ते 30 अंशांत काम नीट होतं. त्याहून फार गरम खोलीत फळ लवकर मऊ होतं, पण रंग आणि वास मागे राहतात. कडक आंबे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. 12 अंशांच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते : साल राखाडी पडते आणि बाहेर काढल्यावरही तो सारखा पिकत नाही, वासही धरत नाही.

रोज सकाळी, ऊन वाढण्याआधी, पांघरूण काढून बघायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही फळांचा हिरवा रंग पोपटी झालेला दिसेल. ती एका बाजूला घ्यायची, म्हणजे रोज साठ फळं चाचपावी लागत नाहीत. त्यांनाच पुढच्या दोन दिवसांत हुंगायचं. देठाशी कैरीचा वास असेल तर परत ठेवायचं. कैरीच्या वासावर गोडसर थर आला असेल तर तळव्यात धरून दाब बघायचा. गाल आणि खांदा सारखे दबले तर तो आजचा. वास आला पण खांदा कडक लागला, तर तो उद्याचा. रंग आला, वास नाही, दाब नाही, तर त्याला आणखी दोन-तीन दिवस द्यायचे. आठव्या ते बाराव्या दिवसांत पेटीतले बहुतेक आंबे येतात. मागे राहिलेल्यांना घाई हवी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात त्यांच्यासोबत एक पिकलेला आंबा किंवा दोन पिकलेली केळी ठेवावी. त्यांच्या इथिलीनने बाकीचे दोन दिवस लवकर येतात. याच कारणाने ज्यांना पेटी हळूहळू पुरवायची आहे त्यांनी पिकलेला आंबा आढीत मुळीच राहू देऊ नये.

आता साका. खांदे भरलेले, रंग उत्तम, वास घमघमीत, दाब नेमका, आणि कापल्यावर कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. हापूस घेणाऱ्याला याहून जास्त चुटपुट लावणारं काही नाही, आणि सरळ सांगायचं तर तो बाहेरून ओळखता येत नाही. दोष कोयीजवळ असतो आणि गर तिथेच पिकायला सुरुवात होत असल्याने, बाहेरच्या सालीपर्यंत त्याची खूण पोचत नाही. संशोधनात क्ष-किरणांनी असा आंबा न कापता वेगळा काढता आला आहे; घरी तसा उपाय नाही. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या कामातून असं पुढे आलं की कोयीच्या आतली बी फळात असतानाच रुजायची तयारी करू लागते आणि त्या ओघात भोवतालचा गर बिघडतो. कातळावरून परतणारी उष्णता आणि फळ झाडावर जास्त दिवस राहणं यांनी हे वाढतं. म्हणून चांगले बागायतदार झाडाखाली पाचोळ्याचं आच्छादन करतात, चौदा आण्यांना फळ उतरवतात, सकाळी काढतात आणि उतरवलेल्या फळावर ऊन पडू देत नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात एकच गोष्ट आहे : आंबे कोणाच्या बागेतले, कधी काढले, हे विचारणं. साका एखाददुसऱ्या फळात निघाला तर ते हापूसच्या जातीचं आहे. डझनात पाच-सहा निघाले तर त्या बागेत फळ उशिरा उतरलं किंवा तापलं, आणि विकणाऱ्याला ते सांगावं.

बाकीच्या जातींसाठी थोडक्यात. पायरीला टोकाशी चोच असते आणि ती हापूसपेक्षा फार लवकर मऊ होते. देठाशी वास आला की दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. पायरीचा रस करायचा असल्याने थोडी जास्त मऊ चालते. केसरचा रंग हापूसइतका खुलत नाही, हिरवट झाक राहते, तिथे वास आणि दाब यांवरच ठरवावं. लंगडा तर पिकल्यावरही हिरवाच असतो. रंगाकडे बघणाऱ्याने तो कच्चा समजून परत ठेवला तर आश्चर्य नाही. तोतापुरी पिकल्यावरही बऱ्यापैकी कडक राहते, म्हणून हापूसचा दाब तिला लावू नये. आणि रायवळ चोखून खायचा, त्यामुळे तो हातात घोळवून रस सैल झाला की तयार.

आंबे पाण्यात अर्धा तास भिजत घालायची आपल्याकडची रीत चांगली आहे. सालीवरचा चीक आणि धूळ निघते. फक्त पारख त्याआधी करावी, नंतर वास मिळणार नाही. आणि एकदा आंबा पिकला, की मग तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवता येतो. खाण्याआधी तासभर बाहेर काढावा आणि पुन्हा एकदा देठ हुंगावा. गोड वास परत आला तर फोडी करायला घ्या. आंबूस आला तर तो आंबा सगळ्यात आधी कापा.